मजुरी वाढली, पण किती? – वाढीचा आकडा आणि वाढीची किंमत



गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. हंगामाच्या तोंडावर रोजाचा भाव ठरतो. कारखान्यात नोकरीला असलेल्या मुलाचा पगार वर्षातून एकदा वाढतो. या तिन्ही प्रसंगी घरात आणि पारावर एकच प्रश्न विचारला जातो, "किती वाढले?" उत्तर रुपयांत मिळते आणि ते ऐकून आपण समाधानी किंवा नाराज होतो. त्याच काळात बाजारभाव किती वाढले, हा दुसरा प्रश्न मात्र त्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे वाढ झाली असे वाटते आणि घरखर्च मात्र पूर्वीपेक्षा ओढाताणीने चालतो.

अर्थशास्त्रात या चुकीला पैशाचा भ्रम असे म्हणतात. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी १९२८ साली याच नावाचे पुस्तक लिहिले. रुपया हे मोजण्याचे माप आहे, पण ते मीटरच्या पट्टीसारखे स्थिर नाही. महागाईत हे माप दरवर्षी थोडे आखूड होते. आखूड झालेल्या पट्टीने कापड मोजले तर मीटर जास्त भरतात, कापड मात्र तेवढेच असते. मजुरीचेही तसेच होते. हे मोजमाप कसे करावे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती या लेखात दिली आहे.

मजुरीचे दोन अर्थ

हातात पडणाऱ्या रुपयांना पैशातील मजुरी म्हणतात. त्या रुपयांत जेवढी ज्वारी, डाळ, तेल, कापड आणि औषध येते, तिला वास्तव मजुरी म्हणतात. कुटुंब वास्तव मजुरीवर जगते, परंतु बोलणी नेहमी पैशातील मजुरीची होतात. भाव स्थिर असतील तर दोन्ही बरोबरच वाढतात. भाव चढत असतील तर पहिली वाढूनही दुसरी घटू शकते.

भ्रम होण्याचे कारण साधे आहे. मजुरीतील वाढ एका दिवशी, एका आकड्यात, स्पष्ट शब्दांत कळते. भाववाढ मात्र तुकड्यातुकड्यांनी येते. तेलाच्या पिशवीमागे दहा रुपये, साखरेमागे दोन रुपये, एस.टी.च्या तिकिटात पाच रुपये, अशी ती वेगवेगळ्या दुकानांत आणि वेगवेगळ्या महिन्यांत भेटते. तिची बेरीज कोणी करत नाही. शिवाय वाढलेली मजुरी ही आपल्या कष्टाची कमाई वाटते आणि वाढलेल्या भावाचा दोष दुकानदारावर जातो. त्यामुळे या दोन गोष्टी एकाच हिशेबात मांडायच्या आहेत, हे सुचत नाही.

सुशिक्षितांनाही भ्रम होतो

हा भ्रम केवळ कमी शिकलेल्यांना होतो असे नाही. शाफिर, डायमंड आणि ट्वर्स्की या तीन अभ्यासकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील लोकांपुढे दोन तरुणींचे उदाहरण ठेवले होते. दोघींचे शिक्षण सारखे आणि सुरुवातीचा पगार वर्षाला ३०,००० डॉलर. अ‍ॅन हिच्या नोकरीच्या काळात महागाई अजिबात नव्हती आणि दुसऱ्या वर्षी तिला २ टक्के, म्हणजे ६०० डॉलर वाढ मिळाली. बार्बरा हिच्या वेळी महागाई ४ टक्के होती आणि तिला ५ टक्के, म्हणजे १,५०० डॉलर वाढ मिळाली.

हिशेब केला तर अ‍ॅनचा पगार खऱ्या अर्थाने २ टक्के वाढला आणि बार्बराचा जेमतेम १ टक्का. "आर्थिकदृष्ट्या कोणाचे बरे झाले?" असे विचारले, तेव्हा १०० पैकी ७१ जणांनी अ‍ॅन असे बरोबर उत्तर दिले. म्हणजे हिशेब लोकांना येत होता. परंतु दुसऱ्या गटाला "जास्त आनंदात कोण असेल?" असे विचारल्यावर १०० पैकी ६४ जणांनी बार्बराचे नाव घेतले. तिसऱ्या गटाला "नोकरी सोडून दुसरीकडे जाण्याची शक्यता कोणाची अधिक?" असे विचारले, तर ६५ जणांनी अ‍ॅन असे सांगितले. जिचे खरोखर बरे झाले होते तीच नोकरी सोडेल, असे बहुतेकांना वाटले.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिशेब मांडायला सांगितला तर आपण तो बरोबर मांडतो. समाधान, नाराजी आणि काम सोडण्याचा विचार मात्र आकड्यावरून ठरतो. म्हणून बोलणी करण्यापूर्वी हिशेब कागदावर मांडणे हाच या भ्रमावरचा उपाय होय.

महाराष्ट्रातील चार वर्षांचे उदाहरण

आता आपल्याकडचे प्रत्यक्ष उदाहरण पाहू. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेखाली अकुशल कामाचा रोजचा दर केंद्र सरकार दर वर्षी राज्यवार जाहीर करीत असे. महाराष्ट्रासाठी हा दर २०२१-२२ मध्ये २४८ रुपये होता. पुढे तो १ एप्रिल २०२२ पासून २५६, २०२३ पासून २७३, २०२४ पासून २९७ आणि २०२५ पासून ३१२ रुपये झाला.

शेतमजूर कुटुंबाला लागणाऱ्या वस्तूंचे भाव किती चढले, हे पाहण्यासाठी केंद्राच्या श्रम ब्युरोचा 'शेतमजुरांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक' असतो. १९८६-८७ सालचे भाव १०० धरून तो काढला जात असे आणि त्यासाठी २० राज्यांतील ६०० गावांतून भाव गोळा केले जात. हा निर्देशांक मार्च २०२१ मध्ये १,०३५ होता आणि मार्च २०२५ मध्ये १,३०६ झाला. प्रत्येक वर्षीच्या मार्च महिन्यातील भाववाढ आणि लगेच १ एप्रिलला मिळालेली मजुरीवाढ शेजारी ठेवली की पुढील तक्ता तयार होतो. 'हवी असलेली मजुरी' म्हणजे मागील दरात येत होता तेवढाच बाजार नव्या भावाने आणण्यासाठी लागणारी मजुरी.

| १ एप्रिल | जुना दर (रु.) | नवा दर (रु.) | आकड्यातील वाढ (रु.) | वर्षातील भाववाढ (टक्के, सुमारे) | हवी असलेली मजुरी (रु.) | खरा फरक (रु.) |
|---|---|---|---|---|---|---|
| २०२२ | २४८ | २५६ | ८ | ६.१ | २६३ | ७ कमी |
| २०२३ | २५६ | २७३ | १७ | ७.० | २७४ | १ कमी |
| २०२४ | २७३ | २९७ | २४ | ७.१ | २९३ | ४ जास्त |
| २०२५ | २९७ | ३१२ | १५ | ३.७ | ३०८ | ४ जास्त |

या तक्त्यातील २०२३ आणि २०२५ या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. २०२३ मध्ये १७ रुपये वाढले आणि २०२५ मध्ये १५. आकड्यावरून २०२३ ची वाढ मोठी वाटते. प्रत्यक्षात १७ रुपये वाढूनही मजूर एक रुपयाने मागे राहिला, कारण भाव ७ टक्के चढले होते. १५ रुपये वाढल्यावर तो चार रुपयांनी पुढे गेला, कारण भाव कमी चढले होते. २०२४ ची २४ रुपयांची वाढ सर्वांत मोठी दिसते, पण तिची खरी किंमत २०२५ च्या १५ रुपयांएवढीच भरते.

आता चारही वर्षांचा एकत्र हिशेब पाहू. २४८ ला १,३०६ ने गुणून १,०३५ ने भागले की सुमारे ३१३ येतात. म्हणजे २०२१ साली २४८ रुपयांत जेवढा बाजार येत होता, तेवढाच आणण्यासाठी २०२५ मध्ये ३१३ रुपये हवे होते. मिळाले ३१२. चार वर्षांत ६४ रुपये वाढले आणि मजूर जिथे होता तिथेच, किंबहुना एक रुपया मागे राहिला.

मधल्या वर्षांचे नुकसान यात भरून आले असेही समजू नये. १ एप्रिल २०२२ पासून पुढे वर्षभर मजुराला रोज सात रुपयांचा तुटवडा होता. वर्षात ५० दिवस काम केले असल्यास ३५० रुपये झाले. नंतर दर सुधारला तरी ते ३५० रुपये परत मिळत नाहीत.

मजुरी मागे का राहते

रोजगार हमीचा दर २०११ पासून शेतमजुरांच्या निर्देशांकाला जोडलेला होता, तरीही असे का झाले? याचे कारण वेळेत आहे. झालेल्या महागाईवरून दर ठरतो आणि तो पुढे १२ महिने तसाच राहतो. त्या बारा महिन्यांत भाव थांबत नाहीत. १ एप्रिल २०२२ ला ठरलेले २५६ रुपये मार्च २०२३ मध्येही २५६ च होते. मात्र तोपर्यंत भाव ७ टक्क्यांनी चढल्यामुळे त्या २५६ रुपयांत वर्षाच्या सुरुवातीच्या २३९ रुपयांएवढाच बाजार येत होता. पाडव्याला ठरलेल्या सालाचेही असेच होते. ठरवल्याच्या दिवशी ते सर्वांत जड असते आणि पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी सर्वांत हलके.

भाव वेगाने चढत असताना मजुरी सहसा मागे पडते आणि भाव शांत झाले की ती त्यांना गाठते. वरील तक्त्यात २०२२, २०२३ आणि २०२५ च्या ओळींत हेच दिसते; २०२४ मध्ये मात्र भाव वेगाने चढूनही मजुरी पुढे गेली. म्हणून महागाईच्या वर्षातील मोठ्या वाढीने फार हुरळून जाऊ नये आणि स्वस्ताईच्या वर्षातील लहान वाढीने नाराजही होऊ नये.

घरच्या घरी हिशेब कसा करावा

सरकारी निर्देशांक देशाची सरासरी सांगतो. आपल्या गावचा आणि आपल्या घरचा हिशेब आपणच करणे अधिक बरे. त्यासाठी महिन्याच्या खर्चाची एक टोपली ठरवावी लागते. रीत अशी :

१) घरात महिन्याला विकत आणाव्या लागणाऱ्या वस्तूंची यादी करावी. घरच्या शेतात पिकणाऱ्या आणि रेशनवर मोफत मिळणाऱ्या वस्तू यादीत घेऊ नयेत.

२) प्रत्येक वस्तूचे वजन किंवा नग लिहावा आणि तो दोन्ही वर्षांसाठी तोच ठेवावा. महाग झाले म्हणून तेल चार किलोऐवजी तीन किलो आणले, तर खर्च कमी दिसेल. ती बचत नव्हे, ताटातली घट आहे.

३) मागील पाडव्याचा भाव आणि या पाडव्याचा भाव लिहावा. किराणा दुकानाची जुनी बिले किंवा उधारीची वही यासाठी उपयोगी पडते. आठवणीवर विसंबू नये, कारण महागलेल्या वस्तू ध्यानात राहतात आणि स्वस्त झालेल्या विसरतात.

४) दवाखाना, प्रवास, शाळा आणि इंधन हे खर्च विसरू नयेत. किराणा मालाचीच बेरीज केल्यास हिशेब अपुरा राहतो.

उदाहरण म्हणून एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च समजुतीसाठी पुढे मांडला आहे. हे भाव कल्पित आहेत. आपण आपल्या बाजाराचे भाव घालावेत.

| बाब | मागील पाडवा (रु.) | हा पाडवा (रु.) |
|---|---|---|
| ज्वारी ४० किलो (३० व ३३ रु. दराने) | १,२०० | १,३२० |
| तूरडाळ ४ किलो (१४० व १३० रु. दराने) | ५६० | ५२० |
| खाद्यतेल ४ किलो (१२० व १५० रु. दराने) | ४८० | ६०० |
| साखर, चहा, मीठ-मिरची | ७०० | ७४० |
| भाजीपाला | ८०० | ८६० |
| इंधन, साबण | ९०० | ९५० |
| दवाखाना, प्रवास, शाळा | १,३६० | १,४९० |
| एकूण | ६,००० | ६,४८० |

डाळ स्वस्त झाली, तेल बरेच महागले आणि बाकी थोडे थोडे चढले. एकूण खर्च ४८० रुपयांनी वाढला. ४८० ला ६,००० ने भागून १०० ने गुणले की भाववाढ ८ टक्के येते.

आता समजा, सालगड्याचे साल मागील पाडव्याला ९०,००० रुपये होते आणि यंदा ९५,००० ठरले. पाच हजारांची वाढ ऐकायला चांगली वाटते. पण जुना बाजार टिकवायचा तर ९०,००० वर ८ टक्के, म्हणजे ७,२०० रुपये वाढ हवी होती. साल ९७,२०० ठरले असते तर सालगडी होता तिथे राहिला असता. ९५,००० मध्ये त्याचे वर्षाला २,२०० रुपये कमी पडतात. म्हणजे आकडा वाढूनही साल घटले आहे.

घाईच्या वेळी वाढीच्या टक्क्यातून भाववाढीचा टक्का वजा केला तरी अंदाज येतो. येथे वाढ साडेपाच टक्के आणि भाववाढ ८ टक्के, म्हणजे अडीच टक्के तोटा. टक्के लहान असतील तेव्हा हा अंदाज पुरतो. दोन-चार वर्षांचा एकत्र हिशेब करताना मात्र वर दाखवल्याप्रमाणे गुणाकार-भागाकारच करावा. नुसती वजाबाकी तेव्हा चुकते.

साल ठरवताना

मराठवाडा आणि विदर्भात सालाबरोबर ठराविक ज्वारी किंवा गहू देण्याची जुनी पद्धत आहे. बरेच जण ती आता मोडून सर्व रक्कम रोखीने ठरवतात. रोख रक्कम मोठी दिसते, म्हणून सालगड्यालाही ती बरी वाटते. परंतु धान्याच्या रूपात दिलेला वाटा महागाईने झिजत नाही. सहा क्विंटल ज्वारी ही भाव तीन हजार असो की चार हजार, सहा क्विंटलच राहते. ज्या वर्षी धान्याचे भाव चढतील असे वाटते, त्या वर्षी सालगड्याच्या दृष्टीने हा वाटा मोलाचा असतो. ज्वारी शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातली असल्याने त्यालाही ती बाजारातून आणावी लागत नाही. मात्र धान्य स्वस्त झाले तर सालगड्याला तोटा होतो. म्हणून खाण्यापुरते धान्य आणि बाकी रोख, अशी विभागणी दोघांनाही सोयीची पडते.

उचलीचाही विचार करावा. पाडव्याला घेतलेली उचल त्याच दिवसाच्या भावाने खर्च होते, तर वर्षाअखेर मिळणारी बाकी चढलेल्या भावाने. दोघांचे साल सारखेच असले आणि एकाने निम्मी रक्कम सुरुवातीला आणि दुसऱ्याने सर्व रक्कम शेवटी घेतली, तर महागाईच्या वर्षात दुसऱ्याच्या पदरी कमी पडते. तोंडी ठरवताना हा फरक कोणी धरत नाही.

शेतकऱ्यानेही आपल्या बाजूने हाच हिशेब करावा. मजुरी रुपयांत वाढली म्हणजे मजूर महागला असे लगेच ठरवू नये. पूर्वी किती क्विंटल सोयाबीन किंवा कापूस विकून साल भागत असे आणि आता किती विकावा लागतो, हे काढून पाहावे. क्विंटल तेवढेच लागत असतील तर मजूर महागलेला नाही. क्विंटल जास्त लागत असतील, तर मालाचा भाव मागे राहिला की मजुरी पुढे गेली, हे आधी तपासावे. मालाचा भाव मागे राहिला असेल, तर त्याचे खापर मजुरावर फोडून उपयोग नाही.

या हिशेबाच्या मर्यादा

निर्देशांक वापरताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, जुन्या मालिकेत खाद्यपदार्थांचा वाटा सुमारे ६९ टक्के होता. ज्या घरी मोफत रेशन मिळते आणि दवाखाना-शिक्षणाचा खर्च मोठा आहे, त्या घरची महागाई या आकड्याहून वेगळी असू शकते. दुसरी, वरील तक्त्यात संपूर्ण देशाचा निर्देशांक घेतला आहे. राज्याराज्यांतील भाववाढ कमीजास्त असते, त्यामुळे एखाद-दुसऱ्या रुपयाच्या फरकावर वाद घालू नये. तिसरी, जून २०२५ पासून ही मालिका बदलली असून २०१९ सालचे भाव आता १०० धरले जातात. त्यामुळे नवा आकडा लहान दिसतो. जुना १,३०६ आणि नवा शंभराच्या पुढचा आकडा एकमेकांतून वजा करून भाव कोसळले असा अर्थ काढू नये. तोही आकड्याचाच भ्रम ठरेल.

आणखी एक गोष्ट अशी की, येथे आपण रोजाचा दर मोजला, वर्षाची कमाई नव्हे. दर टिकून राहिला तरी कामाचे दिवस कमी झाले, तर कमाई घटतेच. म्हणून रोजाने काम करणाऱ्यांनी दराबरोबर मिळालेल्या कामाचे दिवसही वहीत लिहून ठेवावेत.

पुढील पाडव्याच्या बोलणीसाठी टोपलीची यादी आजच करून ठेवावी आणि आजचे भाव तारखेसह लिहावेत. वर्षाने मागचे भाव आठवत नाहीत आणि जुने भाव लिहिलेले नसतील तर हिशेबाला आधार राहत नाही. बोलणी सुरू करताना शेतकरी आणि सालगडी दोघांनी मिळून आधी "तेवढाच बाजार आणायला आता किती लागतात?" हा आकडा काढावा. त्यावर जे ठरेल तीच खरी वाढ.